जाताना १६, येताना ४८, तरी सरासरी ३२ का येत नाही

महापेच्या एमआयडीसीतून माल भरलेला टेम्पो सकाळी माणकोलीच्या गोडाऊनला निघतो, शिळफाट्याला अडकतो, मुंब्रा बायपासला कंटेनरच्या मागे सरकत राहतो, मग खारेगाव, आणि मग कुठे माणकोली. अंतर साधारण २४ किलोमीटर धरा. भरलेली गाडी, ट्रॅफिक, चढ, सगळं मिळून ताशी १६ किलोमीटर पडतात. तिकडे माल उतरवून तोच टेम्पो त्याच रस्त्याने रिकामा परत येतो तेव्हा रस्ता मोकळा मिळाला तर ताशी ४८ पडतात. आता सांगा, जाऊन-येऊन सरासरी स्पीड किती?

माझं काम गाड्या लावायचं, त्यामुळे हा प्रश्न मी खूप जणांना विचारलाय, आणि जवळजवळ सगळे लगेच ३२ म्हणतात. १६ अधिक ४८ म्हणजे ६४, भागिले दोन, ३२. शाळेत सरासरी अशीच शिकवली होती ना. पण खरं उत्तर २४ आहे, आणि ३२ आणि २४ मधला हा फरक कागदावर छोटा वाटला तरी रस्त्यावर तो अख्ख्या अर्ध्या तासाचा आहे, प्रत्येक फेरीला अर्धा तास.

पडताळून बघायला काही लागत नाही. २४ किलोमीटर ताशी १६ ने गेलो तर दीड तास. २४ किलोमीटर ताशी ४८ ने आलो तर अर्धा तास. एकूण अंतर ४८ किलोमीटर, एकूण वेळ दोन तास, म्हणजे तासाला २४. संपलं. ३२ खरं असतं तर ४८ किलोमीटरला दीडच तास लागला असता, आणि दीड तास तर नुसत्या जाण्यातच गेलाय!

आमच्याकडे एक जुने ड्रायव्हर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात, त्यांना मी कधीच स्पीडबद्दल बोलताना ऐकलं नाही. त्यांना विचारलं की काका, माणकोली कसं होईल आज, तर ते म्हणतात, "जायला दीड तास, यायला अर्धा, दोन तास धरा ताई." त्यांनी वेळेत वेळ मिळवला आणि बरोबर उत्तर दिलं. आणि त्याच फेरीचा पार्टीच्या हेड ऑफिसकडून आलेला शीट बघितला तर त्यात जायचा स्पीड, यायचा स्पीड, त्यांची सरासरी ३२, आणि त्यावरून काढलेला वेळ दीड तास, असं सगळं नीट रंगवलेल्या खान्यांमध्ये. म्हणजे ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याचा हिशोब बरोबर आणि ज्याच्या हातात कॉम्प्युटर आहे त्याचा चुकीचा, आणि मला वाटतं याचं कारण हुशारी वगैरे नाहीच, कारण एवढंच की एकजण मिनिटांत विचार करतो आणि दुसरा स्पीडमध्ये.

हे मिनिटांत विचार करणं म्हणजे काय ते जरा सावकाश सांगते, कारण सगळी गंमत इथेच आहे. ताशी १६ म्हणजे एक किलोमीटरला किती वेळ? ६० भागिले १६, पावणेचार मिनिटं. ताशी ४८ म्हणजे एक किलोमीटरला सव्वा मिनिट. आता जाताना जेवढे किलोमीटर तेवढेच येताना, म्हणजे जातानाच्या प्रत्येक पावणेचार मिनिटांच्या किलोमीटरला येतानाचा एक सव्वा मिनिटाचा किलोमीटर जोडीला आहे. पावणेचार आणि सव्वा मिळून पाच, दोन किलोमीटरला पाच मिनिटं, म्हणजे एका किलोमीटरला अडीच. आणि किलोमीटरला अडीच मिनिटं म्हणजे तासाला २४ किलोमीटर. बघा, सरासरी तीच शाळेतली, मिळवा आणि दोनाने भागा, फक्त ती स्पीडची न काढता किलोमीटरमागच्या मिनिटांची काढली आणि उत्तर आपोआप बरोबर आलं.

पुस्तकात यासाठी सूत्र असतं, दोन्ही स्पीडचा गुणाकार दुप्पट करा आणि त्यांच्या बेरजेने भागा, याला हरात्मक मध्य म्हणतात. १६ गुणिले ४८ म्हणजे ७६८, दुप्पट १५३६, भागिले ६४, आले २४. स्पर्धा परीक्षेची पोरं हे पाठ करतात आणि पेपरात ते चालतंही, पण मी सूत्रावर फार भर देत नाही कारण ते फक्त एका अटीवर चालतं, जायचं आणि यायचं अंतर सारखं असेल तर. ती अट पाठांतरात हमखास गळते. त्याबद्दल पुढे येतेच.

आमच्याकडे एक नवीन पोरगा लागलाय ऑफिसला, त्याने मला विचारलं, "पण ताई, अर्धा रस्ता १६ ने आणि अर्धा ४८ ने, मग मधोमध ३२ का नाही येणार?" प्रश्न अगदी रास्त आहे. मी त्याला म्हटलं, रस्ता अर्धा-अर्धा आहे, वेळ अर्धा-अर्धा आहे का? दोन तासांतला दीड तास गाडी १६ ने चालली आणि अर्धाच तास ४८ ने. म्हणजे चारातले तीन भाग वेळ हळू आणि एक भाग वेळ जोरात. १६ चा पाऊण भाग १२, ४८ चा पाव भाग १२, दोन्ही मिळून २४. हळू जाण्याला जास्त वेळ लागतो, म्हणून हळू स्पीडचं वजन सरासरीत आपोआपच जास्त पडतं. आणि हेच उलटं करून बघ, समजा गाडी एक तास १६ ने चालली आणि एक तास ४८ ने, तर दोन तासांत ६४ किलोमीटर झाले आणि तिथे सरासरी अगदी ३२ च. म्हणजे ३२ हे उत्तर चुकीचं नाही, ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे, जिथे वेळ सारखा वाटलेला असतो त्या प्रश्नाचं. गाडीच्या फेरीत वेळ सारखा वाटलेला नसतो, अंतर वाटलेलं असतं.

त्याला हे पटलं, आणि मग त्याने जे विचारलं ते मला फार आवडलं. म्हणाला, ठीक आहे, २४ आहे, पण समजा आपल्याला ३२ आणायचेच आहेत, तर येताना गाडी किती पळवावी लागेल?

हा प्रश्न जरा थांबून सोडवण्यासारखा आहे. ३२ ने ४८ किलोमीटर म्हणजे एकूण दीड तास हवा. जायलाच दीड तास गेला. मग यायला उरले किती? शून्य मिनिटं. म्हणजे माणकोलीला माल उतरला त्याच क्षणी गाडी महापेला पाहिजे. ६० ने या, ८० ने या, नियम मोडून १०० ने या, ३२ येणार नाहीत, कधीच येणार नाहीत. जाताना १६ पडले की जाऊन-येऊन सरासरी १६ च्या दुपटीला पोचूच शकत नाही, कारण त्या सरासरीला लागणारा सगळा वेळ जाण्यातच संपलेला असतो. आणि पार्टीच्या त्या शीटमध्ये नेमके ३२ लिहिलेले होते! पळवून बघितल्याशिवाय विश्वास बसत नसेल तर आकडे बघा: येताना ६० पडले तर सरासरी सव्वापंचवीसच्या आसपास, ८० पडले तर साडेसव्वीसच्या थोडी वर, १०० पडले तरी साडेसत्तावीस-अठ्ठावीसच्या मधेच कुठेतरी. स्पीड वाढत जातो आणि सरासरी जागच्या जागी सरकते.

याच कोड्याची एक खरी गोष्ट आहे. मॅक्स वर्थायमर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, माणूस विचार कसा करतो याचा अभ्यास करणारे, त्यांनी आइनस्टाइनला पत्रातून एक कोडं पाठवलं होतं. जुनी मोटार आहे, एक मैल चढ चढायचा आणि एक मैल उतरायचं, चढाला ताशी १५ मैलांपेक्षा जास्त जमत नाही, तर उतारावर किती स्पीड ठेवला की दोन्ही मैलांची सरासरी ताशी ३० मैल येईल? मनात पटकन ४५ येतं. पण ताशी ३० ने दोन मैल म्हणजे चार मिनिटं, आणि १५ ने एक मैल चढायलाच चार मिनिटं लागतात, उतरायला वेळच उरत नाही. आइनस्टाइननी उत्तरात कळवलं की हिशोब करेपर्यंत हे आपल्या लक्षात आलं नव्हतं. मी हे त्या पोराला मुद्दाम सांगितलं, कारण ३२ म्हणणारा माणूस ढ असतो असं त्याला वाटायला नको होतं. हा सापळा सगळ्यांसाठी सारखाच आहे, आणि त्यातून बाहेर यायची वाटही सगळ्यांसाठी एकच, वेळ मांडून बघायचा.

आता हे सगळं कामाला कुठे लागतं, तर शिफ्टला. आमची शिफ्ट सकाळी ८ ते संध्याकाळी ५, नऊ तास. महापेला माल चढवायला पाऊण तास, माणकोलीला उतरवायला पाऊण तास, हमाल वेळेवर मिळाले आणि चलानात काही अडकलं नाही तर. म्हणजे चढ-उतार दीड तास. शीटप्रमाणे गाडी चालायला दीड तास, चढ-उताराला दीड, एका फेरीला तीन तास, नऊ तासांत तीन फेऱ्या, अगदी नीट बसतात, एक मिनिट इकडे तिकडे नाही. आणि खरं काय होतं? चालायला दोन, चढ-उताराला दीड, साडेतीन तासांची फेरी. दोन फेऱ्यांत सात तास गेले, दुपारचे तीन वाजले. तिसऱ्या फेरीचा माल पावणेचारला चढून होतो, तिथून दीड तास, म्हणजे गाडी सव्वापाचला माणकोलीच्या गेटवर. गोडाऊन पाचला बंद. मग गाडी भरलेल्या मालासकट रात्रभर उभी, हॉल्टिंगचा खर्च, ड्रायव्हर घरी नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली फेरी महापेहून सुटायच्या ऐवजी माणकोलीला माल उतरवण्यातच जाते. फोनवर ऐकायला मिळतं की ड्रायव्हर वाटेत वेळ काढतो. काका वेळ काढत नाहीत हो, तो अर्धा तास शीटनेच खाल्लेला असतो, फेरी सुरू व्हायच्या आधीच, आणि हे मला मनापासून लागतं कारण त्या अर्ध्या तासासाठी एका नीट काम करणाऱ्या माणसाला बोलणी बसतात.

चढ-उताराचा वेळ धरला तर सरासरी स्पीड अजून खाली जातो, ४८ किलोमीटर साडेतीन तासांत, म्हणजे ताशी चौदाच्याही आत. मग खरा कुठला, २४ का १४? दोन्ही खरे, प्रश्न वेगळे. गाडी रस्त्यावर कशी चालली हे बघायचं असेल तर २४. पुढची फेरी कधी सुटेल हे बघायचं असेल तर उभी असलेली मिनिटंही धरायलाच लागतात. फक्त कुठला आकडा कशासाठी आहे ते बाजूला लिहून ठेवा, नाहीतर कोणीतरी चालत्या गाडीच्या सरासरीवरून अख्ख्या दिवसाचा प्लॅन करतं.

मग वेळ वाचवायचा कुठे? सगळ्यांची नजर येतानाच्या मोकळ्या रस्त्याकडे जाते, रिकामी गाडी आहे, दाबा जरा. येतानाचा स्पीड ४८ वरून ६० केला, म्हणजे १२ ने वाढवला, तर अर्ध्या तासाची २४ मिनिटं होतात, वाचली सहा मिनिटं, तीही मुंब्रा बायपाससारख्या रस्त्यावर जीव मुठीत धरून. त्याउलट जातानाचा स्पीड १६ चा फक्त २० झाला, चारनेच वाढला, तर दीड तासाची ७२ मिनिटं होतात, १८ मिनिटं वाचली. चारने वाढवून अठरा मिनिटं आणि बाराने वाढवून सहा! आणि १६ चे २० करायला गाडी पळवायची नसते, शिळफाट्याची गर्दी व्हायच्या आत निघायचं असतं, त्यासाठी माल आदल्या संध्याकाळी चढवून ठेवायचा असतो. किलोमीटरमागची मिनिटं जिथे जास्त तिथेच वाचायला मिनिटं असतात. काका रिकामी गाडी कधीच पळवत नाहीत आणि तरी त्यांचीच फेरी लवकर होते, कारण ते सकाळी लवकर निघायचा हट्ट धरतात.

आता ती अटीची गोष्ट. कधीकधी येताना बायपास तुंबलेला असतो, मग काका खारेगाववरून सरळ माजिवडा धरतात आणि मुलुंड, ऐरोली पूल करत वळसा घालून महापेला येतात. हिशोबाला सोपं जावं म्हणून हा रस्ता ३० किलोमीटर धरू आणि स्पीड ताशी ४५. म्हणजे यायला ४० मिनिटं. जाताना नेहमीप्रमाणे २४ किलोमीटर, ९० मिनिटं. एकूण ५४ किलोमीटर, १३० मिनिटं, सरासरी जवळपास २५. इथे ते पाठ केलेलं सूत्र लावलं तर १६ आणि ४५ वरून साडेतेवीसच्या आसपास येतं, म्हणजे चुकतं, कारण दोन्हीकडचं अंतर सारखं राहिलं नाही. एकूण किलोमीटर भागिले एकूण वेळ, हे मात्र कुठल्याही रस्त्यावर चुकत नाही.

पण मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. नेहमीच्या मोकळ्या रस्त्याने आलो असतो तर सरासरी २४ आणि वेळ १२० मिनिटं. वळशाने सरासरी २५ आणि वेळ १३० मिनिटं. सरासरी स्पीड वाढला आणि गाडी दहा मिनिटं उशिरा आली! लांबचा पण जरा जोरात चालणारा रस्ता सरासरीत छान दिसतो, कारण त्याने किलोमीटरही वाढवलेले असतात. म्हणून दोन रस्त्यांची तुलना करताना सरासरी स्पीड बघूच नये, सरळ मिनिटं बघावीत. बायपास तुंबून यायला ४० मिनिटांपेक्षा जास्त लागणार असतील तर वळसा परवडतो, नाहीतर नाही, आणि त्यात डिझेल सहा किलोमीटरचं जादा जातं ते वेगळंच.

महिन्याच्या रिपोर्टलाही हेच लागू होतं. त्याच रस्त्यावर एका दिवशी जाताना १२ पडले आणि दुसऱ्या दिवशी २४, तर दोन दिवसांची सरासरी १८ नाही. पहिल्या दिवशी दोन तास, दुसऱ्या दिवशी एक तास, ४८ किलोमीटर तीन तासांत, म्हणजे १६. रोजच्या स्पीडची सरासरी काढत गेलं की वाईट दिवस लपतात, आणि आपल्याला प्लॅन तर वाईट दिवसांसाठीच करायचा असतो.

शीट बनवताना अजून एका जागी हमखास घसरायला होतं, ते म्हणजे दीड तास १.३० असा लिहिणं. वाचताना ठीक आहे, एक तास तीस मिनिटं, पण भागाकारात गेलं की कॉम्प्युटर त्याला एक पूर्णांक तीन दशांश तास समजतो आणि २४ भागिले १.३० म्हणजे साडेअठरा देतो, जिथे १६ यायला हवे. एखाद्या जुन्या शीटमध्ये असं झालंय का ते ओळखायचं कसं, तर वेळेच्या कॉलममध्ये टिंबानंतरचे आकडे बघा, सगळीकडे ते ५९ च्या आतच असतील, एकदाही ७५ किंवा ९० दिसत नसेल, तर ती मिनिटं आहेत. माझ्या शीटमध्ये वेळ 1:30 असा विसर्गासारख्या दोन टिंबांनी टाकते, एक्सेल त्याला वेळ म्हणून ओळखतं, पण ते वेळ आतून दिवसाच्या भागात ठेवतं, म्हणून २४ ने गुणून तास करावे लागतात:

```
=C2/(D2*24)
```

इथे C2 मध्ये एकूण किलोमीटर, D2 मध्ये एकूण वेळ. या २४ चा आपल्या २४ किलोमीटरशी काही संबंध नाही, हे दिवसाचे तास आहेत, आकडा योगायोगाने तोच आला एवढंच.

आणि कोणाचाही तयार रिपोर्ट हातात आला, पार्टीचा असो की गाडीतल्या जीपीएसचा, तर पहिल्यांदा एकच गुणाकार करते: सरासरी स्पीड गुणिले एकूण वेळ. उत्तर मीटरवरच्या किलोमीटरशी जुळायला हवं. ३२ गुणिले दोन तास म्हणजे ६४, आणि मीटर दाखवतोय ४८, म्हणजे सरासरी चुकलीय, पुढचं वाचायची गरज नाही. जीपीएसच्या रिपोर्टमध्ये हे जुळत नसेल तर बऱ्याचदा गाडी सिग्नलला किंवा जाममध्ये उभी असतानाची मिनिटं त्याने गाळलेली असतात, आणि मग ती सरासरी फक्त चाकं फिरत होती तेवढ्या वेळाची असते. ती माहिती डिझेलच्या हिशोबाला बरी आहे. शिफ्ट लावायला ती घेऊ नका.

त्या पोराने आता शीट नव्याने केलाय. त्यात चार वेळा लिहायच्या असतात: महापेहून निघाली, माणकोलीला पोचली, तिथून सुटली, महापेला आली. सकाळची फेरी आणि दुपारची फेरी वेगवेगळ्या ओळीत, कारण सकाळचे १६ दुपारी २२ असू शकतात आणि एकाच आकड्यावर दिवसभराच्या फेऱ्या लावता येत नाहीत. स्पीडचा कॉलम पार्टीला हवा असतो म्हणून शेवटी ठेवलाय, तो वरच्या सूत्राने आपोआप भरतो. फेऱ्या आम्ही मिनिटांच्या कॉलमवरूनच लावतो, आणि माणकोलीच्या दिवसाला दोनच लावतो.